सर्व्हिस टेक्निशियनचा रेझ्युमे कसा लिहावा: गाड्या, स्कॅनर, जॉब कार्ड आणि वॉरंटी

‘कोणत्या गाड्यांवर काम केलंस?’ असं मुलाखतीत विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, ‘सगळ्याच, सर.’ रेझ्युमेवरही तेच असतं: सर्व प्रकारच्या गाड्यांची सर्व कामं येतात, स्कॅनर चालवता येतो, मेहनती आहे. असे रेझ्युमे माझ्या टेबलावर ढिगाने येतात. मी बरीच वर्षं फ्लोअरवर काम केलं, मग सुपरवायझर झालो, आणि आता भरतीच्या वेळी समोरच्या खुर्चीत बसतो. रेझ्युमे वाचताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न असतो, की या मुलाला सोमवारी कोणत्या बेवर उभा करू? पिरियॉडिक सर्व्हिसच्या, रनिंग रिपेअरच्या, की इंजिन-इलेक्ट्रिकलच्या? ‘सगळंच येतं’ या उत्तराने हे कळत नाही. मग हातात कौशल्य असलेला मुलगाही हेल्परच्या पगारावर घेतला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उदाहरण एकच घेऊ. नाशिकचा एक मुलगा. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड केला, मारुतीच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप केली आणि तिथेच टेक्निशियन म्हणून चार वर्षं झाली. आता त्याला पुण्यात जायचंय. त्याचा पहिला रेझ्युमे दोन पानांचा होता. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, ‘वरील माहिती खरी आहे’ असं सगळं होतं. कामाबद्दल मात्र अडीच ओळी. तो आम्ही मिळून पुन्हा लिहिला.

रेझ्युमे शेवटी साध्या इंग्रजीतच जातो, कारण तो एचआरकडून पुढे सरकतो. इथे ओळी मराठीत देतोय, म्हणजे कोणती ओळ का लिहायची ते नीट कळेल.

आधी वही, मग रेझ्युमे

लिहायला बसण्याआधी आकडे गोळा करायचे. इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो द्यावाच लागतो. तुमच्या हातून गेलेल्या जॉब कार्डांचा हिशेब तीन ठिकाणी सापडतो. पहिलं, डीलरच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्निशियनच्या नावावर चढलेली कामं. फ्लोअर सुपरवायझरला नीट विचारलंत तर महिन्याचा एकूण आकडा तो सांगतो. दुसरं, इन्सेंटिव्हची स्लिप. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं, म्हणजे स्वतःची वही.

वही नसेल तर आजपासून घाला. रोज संध्याकाळी हात धुतल्यावर पाच मिनिटं लागतात. तारीख, गाडीचं मॉडेल, किलोमीटर, तक्रार, सापडलेलं कारण, केलेलं काम. ग्राहकाचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर लिहायचा नाही. ती माहिती वर्कशॉपची आणि ग्राहकाची आहे, तुमची नाही. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनचे फोटो काढून मुलाखतीला आणणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना घेताना मला भीती वाटते, कारण उद्या माझ्या वर्कशॉपचेही फोटो असेच बाहेर जातील.

आमच्या मुलाकडे तीन महिन्यांची वही होती. जानेवारीत २४ दिवस हजर, १०१ जॉब कार्ड. फेब्रुवारीत २२ दिवस, ८८ कार्ड. मार्चमध्ये २५ दिवस, १११ कार्ड. म्हणजे ७१ दिवसांत ३०० कार्ड, दिवसाला साधारण ४.२.

आता हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. क्विक सर्व्हिसच्या बेवर दोघं मिळून ऑइल, फिल्टर आणि ब्रेक तपासणीच्याच गाड्या काढत असतील तर आकडा सहज याच्यावर जातो. रनिंग रिपेअरला बसलेल्या माणसाच्या दिवसभरात दोनच गाड्या होतात, आणि तरी त्याने जास्त अवघड काम केलेलं असतं. त्यामुळे संख्येबरोबर कामाची विभागणी द्यायलाच हवी. आम्ही वहीतली ३०० कार्डं समोर ठेवून वेगळी केली. फ्री आणि पेड पिरियॉडिक सर्व्हिस १८६, रनिंग रिपेअर ७८, मुख्य काम वॉरंटीचं असलेली २१, आणि नवीन गाडीची डिलिव्हरीपूर्व तपासणी, अ‍ॅक्सेसरी वगैरे १५. एकाच कार्डवर सर्व्हिस आणि वॉरंटी दोन्ही असेल तर ते मुख्य कामाखाली एकदाच मोजलं. दोनदा मोजलं तर बेरीज ३००च्या वर जाते आणि समोरचा ती बेरीज करून बघतो.

आणखी एक गोष्ट त्याला विचारली: ‘हेल्पर होता का?’ होता. मग ते लिहायचं. हेल्परसह ३०० कार्ड आणि एकट्याने ३०० कार्ड यांत खूप फरक आहे, आणि मुलाखतीत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच.

शेवटची मोजणी करताना तो थोडा बिचकला. तीच तक्रार घेऊन परत आलेल्या गाड्या. तीनशेपैकी पाच. ‘हे पण लिहायचं, सर?’ असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लिही. एकही गाडी परत आली नाही असं लिहिलेलं कोणताही वर्क्स मॅनेजर खरं मानत नाही. पाच लिहिलंस, तर हा मुलगा मोजतो एवढं तरी त्याला कळेल. मात्र त्या पाचही गाड्यांत काय चुकलं होतं ते तोंडावर असू दे. त्याच्या वहीत ते होतं. दोन गाड्यांत पुढच्या चाकाकडून येणारा आवाज होता. त्याने स्टॅबिलायझर लिंक बदलली होती, पण आवाज लोअर आर्मच्या बुशचा निघाला.

एवढ्या हिशेबातून रेझ्युमेवर आल्या दोनच ओळी:

*जानेवारी ते मार्च, ७१ कामाचे दिवस, एका हेल्परसह ३०० जॉब कार्ड: पिरियॉडिक सर्व्हिस १८६, रनिंग रिपेअर ७८, वॉरंटी २१, इतर १५.*
*३० दिवसांच्या आत त्याच तक्रारीसाठी परत आलेल्या गाड्या: ५.*

‘चार वर्षांत पाच हजारांहून जास्त गाड्या’ असं लिहिण्याचा मोह होतो. टाळा. तीन महिन्यांचा मोजलेला आकडा चार वर्षांच्या अंदाजापेक्षा जड असतो, कारण त्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो आणि तुम्हाला उत्तर देता येतं.

गाड्या: कंपनीच्या नावापाशी थांबू नका

नुसतं ‘मारुती’ लिहून भागत नाही. मारुतीच्या डीलरकडे चार वर्षं काढलेला मुलगा अल्टोच्या ऑइल सर्व्हिसमध्येच राहिला असेल किंवा एर्टिगाच्या स्मार्ट हायब्रिडवर तयार झाला असेल, दोन्ही शक्य आहे. म्हणून कंपनीखाली इंजिन, इंधन आणि गिअरबॉक्स लिहायचे, आणि प्रत्येकासमोर तुम्ही किती खोल गेलात ते.

आमच्या मुलाचं असं झालं: के-१० आणि के-१२ पेट्रोल इंजिनं, यांत सर्व्हिस, टायमिंग चेन बदलणं आणि सिलिंडर हेड उतरवून बसवणं. कंपनीने बसवलेली सीएनजी, यात फिल्टर, गळती तपासणी, इंजेक्टर रेल. एजीएस म्हणजे ऑटो गिअर शिफ्ट, यात क्लच बदलणं आणि नंतरचं लर्निंग. जुनं १.३ डीडीआयएस डिझेल, यात फक्त सर्व्हिस आणि ग्लो प्लग. इंजिन पूर्ण खोलून बांधण्याचं काम त्याने सिनिअरच्या हाताखाली दोनदा केलं होतं, म्हणून ते ‘सिनिअरबरोबर’ असं वेगळं लिहिलं.

इथे एक धोका सांगतो. त्याने आधीच्या मसुद्यात, कुठूनतरी उचललेल्या नमुन्यावरून, ‘बीएस ६ डिझेलच्या डीपीएफचा अनुभव’ असं टाकलं होतं. मारुतीने बीएस ६ लागू झाल्यावर, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, डिझेल गाड्या बंद केल्या. फक्त मारुतीत काम केलेल्या मुलाच्या हाताखाली बीएस ६ डिझेल येणार कुठून? ज्याला धंदा माहीत आहे तो ही एक ओळ वाचून बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका घेईल. ती ओळ काढली.

मल्टीब्रँड गॅरेजमध्ये काम केलं असेल तर उलटी अडचण असते. नावं वीस होतात. अशा वेळी ज्या तीन-चार कंपन्यांच्या गाड्या आठवड्याला येत होत्या त्या सविस्तर लिहा, आणि बाकीच्या एका ओळीत ‘अधूनमधून’ म्हणून. गॅरेजमध्ये जॉब कार्डची पद्धत नसेल तर तेही सरळ लिहा. साध्या वहीवरचा महिन्याचा आकडा चालतो, फक्त तो जॉब कार्डचा आहे असं भासवू नका.

स्कॅनर: ‘चालवता येतो’ म्हणजे कुठपर्यंत?

मारुतीत एसडीटी, ह्युंदाईत जीडीएस, टोयोटात टेकस्ट्रीम, स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये ओडिस, बाहेरच्या गॅरेजांत बॉशचा केटीएस किंवा लाँचचा एक्स-४३१. तुम्ही ज्याला हात लावला त्याचं नाव लिहा. ‘सर्व स्कॅनर’ असं कधीच नको. पण नावापेक्षा महत्त्वाचं हे, की त्या स्कॅनरवर तुम्ही कुठपर्यंत गेलात.

माझ्या दृष्टीने याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, फॉल्ट कोड वाचणं आणि खोडणं. हे महिनाभरात कुणालाही येतं. दुसरी, कोड पडला त्या क्षणाची नोंद आणि चालू गाडीचे लाइव्ह आकडे बघून त्यातून कारण शोधणं. तिसरी, स्कॅनरवरून रेडिएटर फॅन किंवा फ्युएल पंप चालू करून वायरिंग आणि पार्ट यांतला दोष वेगळा काढणं. चौथी, पार्ट बदलल्यावर लागणारं लर्निंग किंवा कोड भरणं. मारुतीच्या एजीएसचा क्लच बदलल्यावर लर्निंग करावं लागतं, आणि ह्युंदाईच्या सीआरडीआय डिझेलमध्ये नवीन इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो, ही त्याची उदाहरणं. तुम्ही ज्या पायरीवर आहात ती रेझ्युमेवर स्पष्ट दिसली पाहिजे.

ती दिसते ती कामाच्या उदाहरणातून. आमच्या मुलाच्या वहीत एक नोंद होती, तीच आम्ही वर काढली. के-१२ इंजिनची स्विफ्ट, ग्राहकाची तक्रार: सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, इंजिनचा दिवा लागतो. एसडीटीवर कोड `P0302`, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इथे घाई करणारा मुलगा प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळंच मागवतो. याने काय केलं, तर दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावली आणि तीनची दोनला. या इंजिनात प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, त्यामुळे हे जमतं. कोड खोडून गाडी पुन्हा चालू केली, आणि आता कोड आला `P0303`. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड दोनवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायला गेला असता. एकही पार्ट न मागवता पंधरा-वीस मिनिटांत कारण हातात आलं.

रेझ्युमेवर ही ओळ अशी आली:

*एसडीटी: कोड आणि लाइव्ह डेटा वाचून निदान, अ‍ॅक्टिव्ह टेस्ट, एजीएस क्लच लर्निंग. उदा. के-१२ मिसफायरमध्ये कॉइलची अदलाबदल करून सदोष कॉइल ओळखली.*

स्कॅनरबरोबर हातातल्या साधनांचीही नावं द्या: मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, फ्युएल प्रेशर गेज, बॅटरी टेस्टर, एसीचं मशीन. आणि मल्टिमीटर लिहिणार असाल तर सेन्सरला येणारा ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग कसं तपासायचं ते एकदा हाताने करून बघा. स्कॅनर कोड दाखवतो, पण वायर तुटलीय की सेन्सर गेलाय हे मल्टिमीटरच सांगतो. स्कॅनरवाले पुष्कळ मिळतात, मल्टिमीटरवाले कमी. मी तर हा प्रश्न हमखास विचारतो.

वॉरंटीचं काम: तुमचा वाटा तेवढाच लिहा

या भागात मुलं सगळ्यात जास्त घसरतात. ‘वॉरंटी क्लेम हाताळले’ असं लिहितात. क्लेम कंपनीकडे पाठवतो तो वॉरंटी इनचार्ज. टेक्निशियन क्लेम उभा करतो. ते काम लहान नाही, कारण क्लेम बाद झाला की पार्टचे आणि मजुरीचे पैसे डीलरच्या अंगावर येतात. म्हणून ज्याचे क्लेम टिकतात तो टेक्निशियन वर्क्स मॅनेजरला हवाच असतो.

क्लेम टिकतो तो तीन गोष्टींवर: ग्राहकाची तक्रार, सापडलेलं कारण, केलेली दुरुस्ती. त्यातही अडकतो तो कारणापाशी. ‘कॉइल डिफेक्टिव्ह’ एवढंच लिहिलं तर ते कारण नव्हे, ते तुमचं मत झालं. वरच्याच गाडीचं कार्ड त्या मुलाने असं लिहिलं होतं. तक्रार: उभ्या गाडीत थरथर, इंजिनचा दिवा चालू. कारण: कोड `P0302`, दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केल्यावर कोड `P0303`, त्यामुळे दोन नंबरच्या कॉइलमध्ये दोष. दुरुस्ती: कॉइल बदलली, कोड खोडले, १० किलोमीटर चालवून पाहिली, कोड परत आला नाही. सोबत स्कॅनरचा प्रिंट, आणि जुन्या कॉइलला जॉब कार्ड नंबर, चॅसी नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहिलेला टॅग. गाडी कधीच न पाहिलेल्या माणसालाही हे वाचून पार्ट का बदलला ते पटतं.

त्या २१ वॉरंटी कामांपैकी १९ मंजूर झाली, दोन परत आली. वॉरंटी इनचार्जला विचारल्यावर कारणं कळली. एकात गळतीचा फोटो पार्ट काढण्याआधी घ्यायचा राहिला होता. दुसऱ्यात बॅटरी बदलली, पण टेस्टरची स्लिप कार्डला जोडलेली नव्हती. तुम्हीही असंच विचारून घ्या. वॉरंटी इनचार्जकडे सहसा कुणी टेक्निशियन जात नाही, त्यामुळे गेलात तर तो आनंदाने सांगतो.

ओळ तयार झाली:

*तीन महिन्यांत २१ वॉरंटी कामं: निदान, कारणाची नोंद, फोटो आणि स्कॅन प्रिंट, जुन्या पार्टचं टॅगिंग. वॉरंटी इनचार्जच्या नोंदीप्रमाणे १९ मंजूर. प्रमुख पार्ट: इग्निशन कॉइल, वॉटर पंप, स्टीअरिंग कॉलम, बॅटरी.*

ब्रेक पॅड, वायपर, घासलेली क्लच प्लेट यांची कामं वॉरंटीत मोजू नका. झिजणाऱ्या वस्तू सहसा वॉरंटीत बसत नाहीत. यादीत दिसल्या की वाचणाऱ्याला वाटतं, या मुलाला वॉरंटी आणि पेड कामातला फरकच माहीत नाही. कंपनीने वर्कशॉपला पाठवलेली अंतर्गत सर्व्हिस पत्रकं किंवा त्यांचे नंबरही रेझ्युमेवर नकोत.

आता पान जुळवा

एकच पान. सगळ्यात वर नाव, फोन, गाव आणि कुठे काम करायची तयारी आहे ते. लगेच खाली एक ओळ, जिच्यावरून बे ठरतो: *मारुती पेट्रोल, सीएनजी आणि एजीएस, टेक्निशियन म्हणून ४ वर्षं, रनिंग रिपेअर आणि इंजिन-इलेक्ट्रिकल निदान.* मग सध्याची नोकरी, त्याखाली जॉब कार्डच्या ओळी, गाड्या, स्कॅनर, वॉरंटी, याच क्रमाने. शिक्षण त्यानंतर: आयटीआयचा ट्रेड आणि वर्ष, अप्रेंटिसशिप पूर्ण करून मिळालेलं राष्ट्रीय प्रमाणपत्र, कंपनीच्या ट्रेनिंगच्या पातळ्या आणि त्यांची वर्षं. ट्रेनिंग अर्धवट राहिलं असेल तर ‘चालू’ लिहा.

ड्रायव्हिंग लायसन्सची ओळ विसरू नका. चारचाकीचं लायसन्स नसेल तर ग्राहकाची गाडी रोडवर नेऊन तपासता येत नाही, आणि आवाजाची तक्रार रोडवर गेल्याशिवाय सापडत नाही. चांगला मुलगा केवळ याच ओळीसाठी मागे पडल्याचं मी पाहिलं आहे.

नुकतीच अप्रेंटिसशिप संपली असेल तर तुमच्याकडे ३०० कार्डं नसतील. हरकत नाही. महिन्याला किती गाड्यांवर सिनिअरबरोबर होतात आणि कोणती कामं एकट्याने पूर्ण केलीत ते वेगवेगळं लिहा. ‘ब्रेक पॅड बदलणं, बॅटरी चाचणी, ऑइल सर्व्हिस: स्वतंत्रपणे. क्लच बदलणं: सिनिअरबरोबर, ६ गाड्या.’ एवढ्यावर मी मुलाखतीला बोलावतो.

पाठवण्याआधी रेझ्युमे तुमच्या विश्वासातल्या एका सिनिअर टेक्निशियनला वाचायला द्या आणि सांगा, ‘दादा, प्रत्येक ओळीवर मला एक प्रश्न विचारा.’ ज्या ओळीवर तुम्ही अडखळाल ती दुरुस्त करा किंवा काढून टाका. आमच्या मुलाची अशी एक ओळ निघाली, एसी गॅस भरण्याची. मशीन त्याने चालवलं होतं, पण गॅस भरण्याआधी सिस्टिम व्हॅक्यूमवर का ठेवतात ते सांगता आलं नाही. आतली हवा आणि ओलावा काढायला, आणि व्हॅक्यूम टिकतोय का ते पाहून गळती ओळखायला. हे समजून घेऊन त्याने दुसऱ्या दिवशी दोन गाड्यांवर स्वतः करून पाहिलं आणि मगच ती ओळ परत घातली.

मुलाखतीला जाताना वही बरोबर न्या. रेझ्युमेवर उदाहरण म्हणून दिलेल्या गाडीच्या पानावर आधीच खूण करून ठेवा. समोरच्याने ‘ती मिसफायरची गाडी सांग’ म्हटलं, की ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवता येईल.